जोडी जमली, तिकडी फसली

संध्याकाळी सहानंतर दारव्ह्यातल्या एखाद्या गल्लीतून चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ पोरं बसलेली असतात आणि त्यांच्यासमोर तुमच्याच वयाचं कुणीतरी. बी.एस्सी., बी.कॉम. करता करता सातवी-आठवीच्या ट्यूशन घेणारे तुमच्या वर्गातही दोन-चार असतीलच. कदाचित तुम्हीच घेत असाल. मग पुढचं सगळं थेट तुमच्यासाठी आहे. घेत नसाल आणि पोलीस भरती किंवा तलाठीच्या तयारीत असाल, तरी वाचा, कारण आठवीचं हेच गणित तिथे वेश बदलून परत भेटतं.

विषय साधा आहे. मूळ अवयव पाडून वर्गमूळ आणि घनमूळ काढायचं. उभी रेघ मारायची, संख्येला २ ने जमेल तितकं भागायचं, मग ३ ने, मग ५ ने, शेवटी १ येईपर्यंत. उजवीकडे भागाकार आणि डावीकडे ज्यांनी भागलं ते अवयव. वर्गमूळ हवं असेल तर सारख्या अवयवांच्या जोड्या करून गोल करायचा, घनमूळ हवं असेल तर तिकड्या करायच्या. प्रत्येक गोलातून एकच प्रतिनिधी बाहेर काढायचा आणि सगळ्या प्रतिनिधींचा गुणाकार करायचा. झालं उत्तर.

एवढं सोपं असेल तर चुकतं कुठे? माझी एक मैत्रीण दारव्ह्यात ट्यूशन घेते. तिने मला आठवीतल्या एका मुलीची वर्कशीट दाखवली. त्यातली दोन गणितं शेजारी शेजारी होती. पहिलं, १२९६ चं वर्गमूळ. मुलीने भागलं ४ ने, आले ३२४. परत ४ ने, आले ८१. मग ९ ने, मग परत ९ ने. डावीकडे ४, ४, ९, ९. दोन जोड्या, दोन गोल, ४ गुणिले ९ म्हणजे ३६. उत्तर बरोबर. मैत्रिणीने टिक केली.

खालचं गणित, ९०० चं वर्गमूळ. मुलीने ४ ने भागलं, २२५ आले. ९ ने भागलं, २५ आले. २५ ने भागलं, १ आला. डावीकडे ४, ९, २५. तिघांपैकी कुणाचीच जोडी नाही. तिने खाली नीट अक्षरात लिहिलं, ‘९०० ही पूर्ण वर्ग संख्या नाही.’ मैत्रिणीने लाल काट मारली.

मुलगी म्हणाली, “ताई, तुम्ही १२९६ ले टिक केली नं, मंग ९०० ले काहून काट मारली? रीत तं तीच आहे!”

पोरगी शंभर टक्के खरं बोलत होती. रीत तीच होती. वरच्या गणितात ती रीत नशिबाने पार पडली आणि खालच्या गणितात उघडी पडली, एवढाच फरक. खरं तर शिकवणाऱ्याला वरच्या गणिताजवळच थांबायला हवं होतं. उत्तर ३६ आलं म्हणून टिक झाली, पण गोलात ४ आणि ९ बसलेत हे कुणी बघितलं नाही.

आता ४-४ ची जोडी करणं चूक आहे का? इथे थोडं बारकाईने बघू. १२९६ = ४ × ४ × ९ × ९ हे खोटं नाही, आणि त्यावरून वर्गमूळ ३६ आहे हे सिद्धही होतं. कुठल्याही दोन सारख्या संख्यांची जोडी सापडली की ती जोडीच असते, मग ती संख्या मूळ असो वा नसो. म्हणजे ‘जोडी जमली’ हा पुरावा पक्का. पण ‘जोडी जमली नाही’ हा पुरावा फक्त तेव्हाच पक्का जेव्हा डावीकडचे सगळे अवयव मूळसंख्या असतात. ४, ९, २५ एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटात त्याची जोडी आधीच लपलेली आहे. ४ च्या पोटात २-२, ९ च्या पोटात ३-३, २५ च्या पोटात ५-५. ती बाहेर काढली की ९०० = २ × २ × ३ × ३ × ५ × ५, तीन गोल, २ × ३ × ५ = ३०.

मूळसंख्यांचाच हट्ट का, याचं उत्तर इथे आहे. ९०० चे साधे अवयव तुम्ही हवे तसे पाडू शकता. ३० × ३०, १० × ९०, ४ × ९ × २५, १२ × ७५, जसं सुचेल तसं. पण मूळसंख्यांपर्यंत खाली उतरलात की रस्ता कुठलाही असो, तळाशी दोन २, दोन ३ आणि दोन ५ च सापडणार. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. याला अंकगणिताचं मूलभूत प्रमेय म्हणतात आणि गाऊसने १८०१ साली ते स्वच्छ सिद्ध करून मांडलं. वर्कशीटवरचा गोल हा त्या प्रमेयाच्या भरवशावर मारलेला असतो. अवयव मूळ नसतील तर तो भरवसाच जातो.

तेव्हा तपासताना पहिली नजर उत्तराकडे टाकू नका. डाव्या रकान्याकडे टाका. तिथे ४, ६, ८, ९ यांच्यापैकी कुणी दिसलं की तिथेच पेन्सिलने खूण करा, उत्तर बरोबर असलं तरी. पोरं पाढ्यांमध्ये पक्की असली की ही चूक जास्त करतात, कारण ८१ दिसला की ९ नव्वे एक्क्याऐंशी आधी आठवतं आणि ३ ने भागणं हळू वाटतं. हुशारीतून येणारी चूक आहे ही, आळसातून नाही.

त्याच वर्कशीटवर पुढे घनमूळं होती. ६४ चं घनमूळ. डावीकडे सहा वेळा २. दोन तिकड्या, दोन गोल, उत्तर ४. टिक. त्याखाली ४०९६ चं घनमूळ. डावीकडे बारा वेळा २, नीट मोजलेले. चार तिकड्या, चार सुरेख गोल. उत्तर मात्र ८. काट.

चार गोलांतून चार दोन बाहेर आले. त्यांचा गुणाकार २ × २ × २ × २ म्हणजे १६ व्हायला हवा. तिने बेरीज केली, २ + २ + २ + २, आणि ८ लिहिले. मग ६४ च्या वेळी काय केलं होतं? तिथेही बेरीजच केली होती! पण दोन अधिक दोनही चार आणि दोन गुणिले दोनही चार. ६४ ने तिची चूक झाकून ठेवली.

हे मला फार भारी वाटलं, कारण ६४ हे घनमूळ शिकवताना फळ्यावर हमखास येणारं उदाहरण आहे. वर्गमूळ शिकवताना तसंच १६ येतं आणि त्यालाही हाच रोग आहे. दोन जोड्या, दोन दोन, बेरीज करा नाहीतर गुणाकार करा, उत्तर चारच. म्हणजे शिकवणाऱ्याने सगळ्यात सोपी म्हणून निवडलेली संख्याच पोराला कळलंय की नाही हे सांगायला सगळ्यात नालायक. तुम्ही वर्कशीट बनवत असाल तर ६४ च्या जागी २१६ टाका. त्याचे अवयव तीन वेळा २ आणि तीन वेळा ३. गुणाकार केला तर ६, बेरीज केली तर ५. चूक लगेच हाती लागते. १६ च्या जागी ३६ टाकलं तरी काम होतं.

तिसरी गडबड सवयीची. पोरं आधी वर्गमूळ शिकतात, म्हणून हाताला जोडीची सवय लागलेली असते. १७२८ चं घनमूळ काढायला दिलं. अवयव बरोबर पाडले, सहा वेळा २ आणि तीन वेळा ३. आणि मग हाताने आपोआप जोड्या केल्या. दोनच्या तीन जोड्या, तीनची एक जोडी आणि एक ३ एकटा. ‘३ उरला, म्हणून पूर्ण घन नाही.’ प्रत्यक्षात दोनच्या दोन तिकड्या आणि तीनची एक तिकडी होते, २ × २ × ३ = १२. इथे चूक ओळखायला गोलातली डोकी मोजायची. घनमूळाच्या गणितात एकाही गोलात दोनच डोकी दिसली की बाकी काही बघायची गरज नाही. याच्या उलटही होतं. २, २, ३ अशी भेसळ तिकडी करून पोरं गोल मारतात, तीन आहेत ना म्हणून. गोलात तीन असून भागत नाही, तिघं सारखे लागतात.

इथपर्यंत आठवीचं झालं. आता जे एकटे उरतात त्यांच्याकडे येऊ, कारण स्पर्धा परीक्षेतला प्रश्न नेमका त्यांच्यावर असतो. ‘अमुक संख्येला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले असता पूर्ण वर्ग मिळेल?’ किंवा ‘भागले असता पूर्ण घन मिळेल?’ एका शब्दाचा फरक, आणि पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरं मुद्दाम ठेवलेली.

यासाठी शेतातलंच उदाहरण घेऊ. गुंठा आणि एकर आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा आकडा असा विचित्र का, हे कधी विचारलंय? अवयव पाडा. ३ ने भागलं, ३६३. परत ३ ने, १२१. ११ ने, ११. परत ११ ने, १. डावीकडे ३, ३, ११, ११. दोन जोड्या, वर्गमूळ ३३. म्हणजे गुंठा हा तेहतीस फूट बाजूचा नेमका चौकोन. आकडा विचित्र नाही, तो ३३ चा वर्ग आहे.

एकर मात्र असा नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. गुंठ्याचे अवयव आपल्याकडे आहेत, त्यात ४० चे मिसळा. ४० म्हणजे २ × २ × २ × ५. सगळे मिळून तीन वेळा २, दोन वेळा ३, एकदा ५, दोन वेळा ११. जोड्या करा. दोनची एक जोडी होऊन एक २ उरला, तीनची जोडी, अकराची जोडी, आणि ५ एकटा. २ आणि ५ उघडे राहिले. म्हणजे बरोब्बर एक एकराचं चौरस शेत, ज्याची बाजू पूर्ण फुटांत येईल, असं आखताच येत नाही. बाजू २०८ फुटांच्या थोडी पुढे जाते आणि दशांशात अडकते.

आता प्रश्न विचारा. किती एकर घेतले तर बाजू पूर्ण फुटांत येईल? उरलेल्या २ ला एक २ आणि उरलेल्या ५ ला एक ५ जोडीदार द्यायचा. २ × ५ = १०. दहा एकर, ४,३५,६०० चौरस फूट, वर्गमूळ ६६०. सहाशे साठ फूट बाजूचा चौकोन म्हणजे बरोबर दहा एकर. आणि भागायचं असेल तर? उरलेल्या २ आणि ५ ला बाहेर काढायचं, म्हणजे परत १० नेच भागायचं. ४३,५६० भागिले १० म्हणजे ४३५६, वर्गमूळ ६६. चार गुंठे म्हणजे सहासष्ट फुटांचा चौकोन. ही सहासष्ट फुटांची लांबी कुठून आली? एडमंड गंटर या इंग्रज माणसाने सतराव्या शतकात जमीन मोजायला जी साखळी बनवली तिची लांबी ६६ फूट होती. अशा दहा साखळ्या लांब आणि एक साखळी रुंद पट्टा म्हणजे एक एकर. एकर हा मुळात पट्टा आहे, चौकोन नाही, म्हणूनच त्याच्या अवयवांत १० उघडा राहतो. (हेक्टरचं मात्र तसं नाही. तो शंभर मीटर बाजूचा सरळ चौकोन, १०,००० चौरस मीटर, सगळ्या जोड्या जमलेल्या.)

वर्गाच्या बाबतीत एक सोय लक्षात आली का? गुणायची संख्या १० आणि भागायचीही संख्या १०. हे योगायोगाने नाही, वर्गात नेहमी असंच होतं. जोडीतून एकटा उरलेला अवयव एकच असतो. त्याला एक जोडीदार द्या किंवा त्यालाच घराबाहेर काढा, दोन्हीकडे तोच अवयव लागतो. म्हणून वर्गाच्या प्रश्नात ‘गुणले’ऐवजी ‘भागले’ वाचलं तरी उत्तर चुकत नाही.

आणि म्हणूनच घनाच्या प्रश्नात माणूस आपटतो. तिकडीत उरणारे कधी एक असतात, कधी दोन. एक उरला असेल तर गुणताना दोन लागतात, भागताना एक. दोन उरले असतील तर गुणताना एक लागतो, भागताना दोन. दोन्ही उत्तरं वेगळी येतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला एका मराठी शिक्षकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्येत सापडलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि नोकरीची सगळी वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. ६१७४ ही त्यांची संख्या, त्यांना ती १९४९ साली सापडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. ही गंमत बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिली असेल. पण तिचे अवयव पाडून बघितलेत?

२ ने भागलं, ३०८७. आता २ चालत नाही. ३ ने, १०२९. परत ३ ने, ३४३. ३ ने जात नाही, ५ ने जात नाही. ७ ने, ४९. ७ ने, ७. ७ ने, १. डावीकडे एक २, दोन ३, तीन ७. एक, दोन, तीन! वर्कशीटसाठी कुणी मुद्दाम बनवावी अशी संख्या आहे ही.

तिला पूर्ण वर्ग करायला किती ने गुणायचं? तीनची जोडी जमलेली आहे. सातची एक जोडी होऊन एक ७ उरला आणि २ एकटा. १४ ने गुणा. ८६,४३६ येतात, वर्गमूळ २९४. भागायचं असेल तरी १४ नेच, ४४१ येतात, वर्गमूळ २१.

आता घन. सातची तिकडी पूर्ण आहे, तिला हात लावायचा नाही. २ एकच आहे, त्याला अजून दोन २ हवेत, म्हणजे ४. ३ दोन आहेत, त्यांना अजून एक ३ हवा. ४ × ३ = १२. म्हणजे १२ ने गुणलं की पूर्ण घन. ६१७४ × १२ = ७४,०८८ आणि त्याचे अवयव तीन २, तीन ३, तीन ७. घनमूळ २ × ३ × ७ = ४२. भागायचं असेल तर तिकडीबाहेरचे सगळे काढायचे, एक २ आणि दोन ३, म्हणजे १८. ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, घनमूळ ७.

गुणायचं तर १२, भागायचं तर १८. वर्गाच्या सवयीने जो ‘उरलेल्यांनीच गुणा’ म्हणतो तो १८ ने गुणतो आणि १,११,१३२ वर जाऊन बसतो. तिथे दोन २, चार ३ आणि तीन ७ आहेत. तीनची तिकडी जमून एक ३ परत उरलाच, आणि २ ची तिकडी अजून अपुरी. पर्यायांमध्ये १८ असतोच असतो. पेपर काढणाऱ्याला ही सवय चांगली माहीत आहे.

यावर एक तपासणी आहे जी ट्यूशनमध्येही कामी येते. गुणायची संख्या आणि भागायची संख्या यांचा आपसात गुणाकार करा. १२ × १८ = २१६, म्हणजे ६ चा घन. आणि ६ म्हणजे ज्यांची तिकडी अपुरी होती त्या २ आणि ३ चा गुणाकार. कारण सरळ आहे. प्रत्येक अपुऱ्या अवयवाचे जितके उरले आणि जितके हवेत, ते मिळून नेहमी तीन होतात. गुणाकार पूर्ण घन आला नाही तर दोघांपैकी एक उत्तर नक्की चुकलंय. तो आला म्हणजे दोन्ही बरोबरच, असं मात्र नाही, दोन्हींची अदलाबदल झाली असेल तरी गुणाकार तोच येणार. कुठलं गुणायचं आणि कुठलं भागायचं हे प्रश्न परत वाचूनच ठरवायचं.

अवयव पाडतानाच एखादा २ निसटला असेल तर काय? बारा वेळा २ लिहिताना अकराच लिहिले, हे डोळ्यांना दिसत नाही. गोल करायला गेलं की तीन तिकड्या होतात आणि दोन एकटे उरतात, आणि पोरगं बिनधास्त ‘पूर्ण घन नाही’ लिहून मोकळं होतं. म्हणून ‘नाही’ असं उत्तर आलं की डावीकडचा सगळा रकाना एकदा गुणून मूळ संख्या परत येते का हे बघायला लावा. ‘आहे’ असं उत्तर आलं तर तपासणी आणखी छोटी, आलेल्या उत्तराचा वर्ग किंवा घन करून बघायचा.

भरतीच्या क्लासमध्ये घनमूळाची एक झटपट युक्ती शिकवतात, ती तुम्हाला माहीत असेल. ७४,०८८ चा शेवटचा अंक ८, म्हणून घनमूळाचा शेवटचा अंक २. शेवटचे तीन अंक झाकले, ७४ उरले. ४ चा घन ६४ आणि ५ चा १२५, त्यामुळे पुढचा अंक ४. उत्तर ४२, पाच सेकंदांत. मस्त आहे, वापरा. पण त्याच युक्तीला ७४,०९८ द्या. शेवटचा अंक ८, पुढे ७४. युक्ती परत ४२ च सांगते, आणि ७४,०९८ तर पूर्ण घनच नाही. संख्या पूर्ण घन आहे हे प्रश्नाने आधीच कबूल केलं असेल तेव्हाच ती चालते. आहे की नाही हे विचारलं असेल तर गोलच मारावे लागतात.

उलट अवयव पद्धतही सगळीकडे हातात धरून बसण्यासारखी नाही. ५३२९ घ्या. २ ने जात नाही, ३ ने नाही, ५, ७, ११, १३, कशानेच नाही. पोरं साधारण इथे कंटाळतात आणि लिहितात, ‘५३२९ ही मूळसंख्या आहे.’ खरं तर २ पासून ७१ पर्यंतच्या वीस मूळसंख्या नापास होतात आणि एकविसावी ७३ लागू पडते, तीही दोनदा. ५३२९ म्हणजे ७३ चा वर्ग. थांबायचं कधी, याचा नियम असा की ज्या मूळसंख्येने भागायला निघालात तिचा वर्ग समोरच्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबा, समोर उरलेली संख्या मूळच आहे. १३ चा वर्ग १६९ आणि समोर ५३२९, म्हणजे थांबायची वेळ फार लांब होती. अशा ठिकाणी आधी अंदाज घेतलेला बरा. ७० चा वर्ग ४९००, ७५ चा ५६२५, म्हणजे वर्गमूळ असलं तर यांच्या मधे. शेवटचा अंक ९, तेव्हा उत्तराचा शेवटचा अंक ३ किंवा ७, आणि या पट्ट्यात फक्त ७३ बसतो. ७३ × ७३ करून बघायचं, संपलं.

त्या वर्कशीटचं पुढे काय झालं ते राहिलंच. मैत्रिणीने १२९६ ची टिक खोडली नाही, कारण उत्तर खरंच बरोबर होतं. तिने ४ आणि ९ च्या बाजूला छोटे बाण काढले, २-२ आणि ३-३, आणि ९०० चं गणित परत सोडवायला दिलं. मुलीने ४, ९ आणि २५ च्या बाजूला स्वतःच तसेच बाण काढले आणि तीन गोल मारले. मग कुणी न सांगता ती मागे गेली आणि ६४ च्या तिकड्यांखाली बारीक अक्षरात २ × २ लिहून आली.